बॉयलरचा तपासणी अहवाल: 'सरासरी जाडी ठीक' लिहिण्याआधी या चुका टाळा

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्याचा बॉयलर थंड होतो आणि धुराच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरच्या ट्यूबांची जाडी मोजायला माणसे आत उतरतात. बगॅसबरोबर आलेली वाळू आणि उडती राख या ट्यूबा घासत राहते, पण सगळीकडे सारखी नाही. धुराचा झोत थेट बसतो ती बाजू आणि बेंड आधी झिजतात. तिथे बोट फिरवले तर ट्यूबचा गोलवा जाऊन चपटी, चकचकीत पट्टी लागते. मोजायचे ते इथे. हात सहज पोचतो तिथली रीडिंग घेऊन तक्ता भरणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तक्ता पूर्ण दिसतो आणि पातळ जागा त्यात नसतेच.

दुसरी चूक सरासरीची. समजा, ट्यूब मुळात ४ मिमीची आहे आणि तिच्या दाबाला हिशोबाने किमान २.६ मिमी जाडी लागते. वरच्या ओळीतल्या एका बेंडवर गेल्या वर्षी ३.५ मिमी होती, यंदा ३.० आहे. बाकी ओळी ३.८ च्या आसपास, म्हणून अहवालात लिहिले जाते, 'सरासरी ३.७, किमानपेक्षा जास्त, वापरास योग्य.' आता त्या एका बेंडचा हिशोब करा. एका हंगामात ०.५ मिमी गेली आणि शिल्लक आहे ०.४. याच वेगाने ती पुढचा हंगाम संपण्याआधीच किमानाखाली जाईल. ट्यूब सर्वांत पातळ जागी फुटते, म्हणून निर्णय तिथल्या आकड्यावरच घ्यायचा. हा हिशोब जमायला गेल्या वर्षीचीच जागा पुन्हा मोजलेली हवी. त्यासाठी ओळ, ट्यूब क्रमांक आणि बेंडपासूनचे अंतर रीडिंगशेजारी लिहा.

रीडिंग अचानक वाढले तरी सावध व्हा. शेजारच्या जागा २.२, १.९ अशा उतरत असताना मध्येच ३.१ दिसले, तर ट्यूबची भिंत जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राच्या प्रोबच्या मर्यादेखाली गेली असू शकते. अशा वेळी यंत्र जवळपास दुप्पट जाडी दाखवते. पृष्ठभाग घासून साफ करा, त्याच धातूच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर यंत्र तपासा आणि पातळ भिंतीसाठीच्या प्रोबने पुन्हा मोजा.

दोषांच्या रकान्यात नुसते 'पिटिंग आढळले' लिहिले, तर दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. खड्ड्याची खोली, किती भागात पसरलाय आणि त्याखाली उरलेली जाडी लिहा, फोटोत पट्टी ठेवा.

शेवटचा शेरा अटीसह हवा. वरच्या उदाहरणात मी असे लिहीन: 'वरच्या ओळीतील झिजलेले बेंड बदलून, वेल्डिंगची तपासणी आणि जलदाब चाचणी झाल्यावर एका हंगामासाठी वापरास योग्य. दुसऱ्या ओळीतील बेंडांची पुढील बंद काळात याच जागी पुन्हा मोजणी.'