शंकूचं घनफळ काढताना तिरकस उंची मध्येच घुसते, या चुका टाळा

त्रिज्या दिलीय, उभी उंची दिलीय आणि विचारलंय शंकूचं घनफळ किती, तर बरीच पोरं आधी पायथागोरस लावून तिरकस उंची काढत बसतात. काढली म्हणून बिघडत काहीच नाही, दोन मिनिटं जातात एवढंच, पण खरा घोळ पुढे होतो. एवढी खटपट करून l काढलीय म्हणजे ती कुठेतरी वापरलीच पाहिजे असं वाटतं आणि मग ती गुपचूप घनफळाच्या सूत्रात h च्या जागी जाऊन बसते.

एक ढीग घेऊ. बांधकामाच्या साइटवर क्रश सँड उतरवलीय, ढीग बऱ्यापैकी शंकूसारखा झालाय, तळाचा व्यास 16 फूट आणि टोकाची जमिनीपासून सरळ उंची 6 फूट. सप्लायर म्हणतोय साडेसहा ब्रासच्या वर माल आहे. ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं. तर त्रिज्या 8 आणि उंची 6, आणि हिशोब असा:

```
V = 1/3 × π × r² × h
  = 1/3 × 3.14 × 64 × 6
  = 401.92 घनफूट
```

म्हणजे साधारण 4 ब्रास. इथे तिरकस उंची लागलीच नाही. आता हाच हिशोब "आधी l काढू" वाल्या पद्धतीने बघा. l² = 8² + 6² = 64 + 36 = 100, म्हणून l = 10, इथपर्यंत एकदम बरोबर. मग सूत्रात 6 च्या जागी 10 टाकला की 1/3 × 3.14 × 64 × 10 = 669.87, म्हणजे 6.7 ब्रास! सप्लायरचा आकडा कुठून आला ते कळलं ना. ढिगात नसलेल्या पावणेतीन ब्रासचे पैसे गेले असते, आणि वहीत केलं असतं तर मार्क गेले असते.

आता घनफळाला उभीच उंची का लागते, तर ढिगाचे जमिनीला समांतर पातळ पातळ थर कापले असं समजा. तळाचा थर सगळ्यात मोठा, वर जाताना लहान लहान होत टोकाला शून्य. असे किती थर बसतील हे जमिनीपासून टोकापर्यंत सरळ वर किती अंतर आहे त्यावर ठरतं, उतारावरून चढून गेलं तर किती चालावं लागेल त्याच्याशी थरांना काही देणंघेणं नाही. उतारावरची वाट नेहमी लांबच असणार, म्हणून l घातली की घनफळ कायम जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. किती पटीने जास्त तेही लगेच कळतं, l भागिले h. आपल्या ढिगात 10 भागिले 6, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट.

मग l लागते कुठे? पृष्ठभागाला. वक्रपृष्ठफळ πrl, म्हणजे 3.14 × 8 × 10 = 251.2 चौरस फूट. पावसात ढीग झाकायचा असेल तेव्हा हिचं काम. तिथे तर उलटी चूक होते, तळ 16 फूट रुंद आहे म्हणून माणूस 16 बाय 16 ची ताडपत्री आणतो आणि ती खालपर्यंत पोचतच नाही, कारण एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचं म्हणजे 10 आणि 10, एकूण 20 फूट. कमीत कमी 20 बाय 20 ची हवी, वर कडेला दगड ठेवायला थोडी जास्तच. परीक्षेत बहुतेक वेळा घनफळ आणि वक्रपृष्ठफळ दोन्ही एकाच प्रश्नात विचारतात, म्हणूनच l काढायची सवय लागलेली असते. तेव्हा घनफळ आधी उरकून टाका आणि l नंतर काढा, म्हणजे हातात नसलेली संख्या चुकून वापरली जाणार नाही.

l काढतानाच्या चुका ठरलेल्या आहेत. वर्गमूळ घ्यायचं राहतं आणि l = 100 लिहून पोरगं पुढे जातं, 6 फुटी ढिगाची उतरण 100 फूट कशी असेल हे बघतच नाही. किंवा √(64 + 36) चं सुटं सुटं मूळ घेऊन 8 + 6 = 14 करतात, ही चूक तर हुशार पोरंही करतात. तिसरी म्हणजे व्यासच त्रिज्या समजून टाकणं: √(256 + 36) येतो 17 च्या थोडा वर आणि घनफळ थेट चौपट होतं, 16 ब्रास. चेक सोपा आहे, l ही r पेक्षाही मोठी हवी, h पेक्षाही मोठी हवी आणि दोघांच्या बेरजेपेक्षा लहान हवी. इथे 8 पेक्षा जास्त आणि 14 पेक्षा कमी, त्यात 10 बसतं, बाकी 100 नाही बसत, 14 पण नाही. पण व्यासवाली चूक या चेकमध्ये पकडली जात नाही, कारण r म्हणून 16 धरलं तर 17 व्यवस्थित बसतं, त्यामुळे प्रश्नात "व्यास" शब्दाखाली रेघ मारलेली बरी. आणि हो, l हाताने लिहिताना वळणदार काढा, नाहीतर πrl चं πr1 होतं आणि दहाने गुणायचंच राहतं.

आता साइटवरची खरी अडचण, तिथे 6 फूट कोणी मोजून देतच नाही. ढिगाच्या पोटात टेप घालून उभी उंची कशी मोजणार? टेपने मिळतो तो तळाचा घेर आणि पायापासून टोकापर्यंतची उतरण, म्हणजे l. समजा घेर 50.24 फूट भरला, त्याला 2π म्हणजे 6.28 ने भागा, त्रिज्या 8. उतरण 10. आता h काढायची तर बेरीज नाही, वजाबाकी:

```
h = √(l² − r²) = √(100 − 64) = √36 = 6
```

सवयीने बेरीज केली तर 12.8 येतं, उंची उतरणीपेक्षा मोठी, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे तिथेच कळायला हवं. उतरण मोजताना टेप ताणून धरा, वाळूतल्या खळग्यांतून नेऊ नका. 10 च्या जागी 10.3 फूट वाचलं तर h होते जवळपास 6.5 आणि घनफळ आठेक टक्क्यांनी वाढतं, उतरणीतली चूक फक्त तीन टक्क्यांची असूनही.

ढीग भिंतीला टेकून पडला असेल आणि टोक भिंतीलाच लागलेलं असेल तर तो अर्धा शंकू धरा, सगळा हिशोब तोच करून शेवटी 2 ने भागा. तिथे घेरही अर्धाच मोजता येतो, म्हणून भागताना 6.28 नाही, 3.14 घ्यायचा, नाहीतर त्रिज्या 4 च येईल.