PMT वापरून कर्जांचे हप्ते ताडून बघताय? या चुका टाळा

माझी भाची गाडी घेतेय. आठ लाखांचं कर्ज आणि तीन ठिकाणचे प्रस्ताव हातात. तिनं हप्ता काढणारं PMT फंक्शन वापरून शीट बनवली आणि मला पाठवली, "मामा, हे काय येतंय बघ ना." पहिल्या ओळीत हप्ता होता उणे 74,368 रुपये, दुसऱ्या ओळीत शून्य आणि तिसऱ्या ओळीत `#VALUE!`. एका छोट्या फॉर्म्युल्यात चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा तिनं एकदमच गाठल्या होत्या.

तिची मांडणी साधी होती. `B1` मध्ये कर्जाची रक्कम, तिसऱ्या ओळीत मथळे, चौथ्या ओळीपासून प्रस्ताव: `B` मध्ये व्याजदर, `C` मध्ये महिने, `D` मध्ये हप्ता. `D4` मध्ये तिनं लिहिलं होतं:

```
=PMT(B4,C4,B1)
```

आणि ते खाली ओढलं होतं.

पहिली चूक व्याजदराची. पहिला प्रस्ताव वार्षिक 9.25 टक्क्यांचा, मुदत 60 महिने. हप्ता महिन्याचा आहे तर दरही महिन्याचाच द्यायला हवा, म्हणजे `B4/12`. तो न दिल्यामुळे शीटनं दरमहा 9.25 टक्के व्याज धरलं. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: आलेला हप्ता जवळपास वर्षभराच्या व्याजाएवढा असतो. आठ लाखांवर 9.25 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 74,000, आणि उत्तर 74,368. हप्ता चक्क 6,16,667 दिसला तर समजा, की 12 नं भागलंय, पण `9.25%` ऐवजी नुसतं `9.25` टाइप झालंय. तो सेल टक्केवारीच्या फॉरमॅटमध्ये असेल तर चिन्ह आपोआप लागतं, नसेल तर नाही. म्हणून एक ओळ बरोबर आणि खालची चुकीची, असंही घडतं.

शून्य आणि `#VALUE!` यांचं कारण वेगळं. फॉर्म्युला एक ओळ खाली ओढला की `B1` चं `B2` होतं. तो सेल रिकामा, म्हणजे कर्जच शून्य. आणखी एक ओळ खाली `B3`, तिथे "व्याजदर" हा शब्द. शब्दाचा हप्ता कोण काढणार! रकमेचा सेल डॉलरनं बांधून टाकायचा:

```
=PMT(B4/12,C4,-$B$1)
```

रकमेआधीचं उणे चिन्ह मुद्दाम आहे. हातात येणारा पैसा आणि हातातून जाणारा पैसा यांची चिन्हं PMT उलट धरतो, म्हणून रक्कम अधिक दिली की हप्ता उणे येतो. लाल आकडा बघून लोक नुसतं दुर्लक्ष करतात, तेवढं चालेलही. पण मग सर्वांत कमी हप्ता शोधायला `MIN` लावला की तो सर्वांत मोठा हप्ता काढून देतो, कारण उणे 17,000 हे उणे 12,000 पेक्षा लहान. तुलनेच्या शीटमध्ये ही चूक महागात पडते, कारण ती चूक आहे असं दिसतच नाही.

एवढं दुरुस्त केल्यावर तीन हप्ते आले: 16,704, 15,281 आणि 12,871. भाची खूश. मी म्हटलं, थांब. फॉर्म्युला बरोबर झाला, तुलना अजून चुकीचीच आहे.

मधला प्रस्ताव शोरूममधल्या फायनान्सवाल्याचा: "मॅडम, फक्त साडेपाच टक्के", 60 महिने. त्याच्या कागदावर हप्ता मात्र 17,000 लिहिलेला, शीटमध्ये 15,281. असा फरक दिसला की आपलं गणित चुकलं असं वाटतं. इथे गणित ठीक होतं, दरच वेगळ्या जातीचा होता. साडेपाच टक्के फ्लॅट. म्हणजे पूर्ण आठ लाखांवर पाचही वर्षं 44,000 व्याज, एकूण 2,20,000. ते मुद्दलात मिळवून 60 नं भागलं की 17,000. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज कमी होत नाही. PMT फक्त शिल्लक रकमेवरच्या व्याजाचा हिशेब करतो, फ्लॅट दर त्याला देऊन उपयोग नाही. तिथे उलटं जायचं, हप्त्यावरून दर काढायचा:

```
=RATE(60,-17000,800000)*12
```

उत्तर 10.01 टक्के. म्हणजे "साडेपाच" हे तिघांत सर्वांत महाग कर्ज निघालं. `RATE` वापरताना हप्ता आणि रक्कम यांची चिन्हं उलट हवीत, नाहीतर `#NUM!` येतं. आणि सेलला दोन दशांश स्थळं द्या. नाहीतर 10 टक्के दिसतं, आणि 9.50 सुद्धा 10 च दिसतं.

ते 9.50 कुठून आलं? पहिल्या बँकेकडून. तिची प्रोसेसिंग फी 4,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 4,720. हप्ता आठ लाखांचा भरायचा, पण हातात पडणार 7,95,280. PMT ला फी माहीतच नसते. `RATE(60,-16704,795280)*12` केलं की 9.25 चे 9.50 टक्के होतात.

तिसरा प्रस्ताव 12,871 चा, दर 9 टक्के, फी शून्य. हप्ताही कमी, दरही कमी, मग अडलं कुठे? मुदत 84 महिने. 12,871 गुणिले 84 केले की 10,81,000 च्या वर जातात, म्हणजे व्याज 2,81,000. पहिल्या बँकेचं व्याज 2,02,000. वेगळ्या मुदतींचे हप्ते शेजारी ठेवून काहीच कळत नाही. लांब मुदत वाईट असं नाही, महिन्याला तेवढाच पैसा निघत असेल तर ती घ्यावीच लागते. पण कोण स्वस्त हे बघायचं तर `C6` मध्ये 84 च्या जागी 60 टाका. हप्ता 16,607 आला, व्याज 1,96,000 च्या आसपास. तिघांत हाच सर्वांत स्वस्त. अर्थात हाच दर पाच वर्षांसाठी मिळेल हे शीट सांगत नाही, त्यासाठी फोन करावा लागतो. भाचीनं केला, मिळाला.

मंजुरीपत्रासोबत की फॅक्ट स्टेटमेंट येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून काढलेला वार्षिक दर, एपीआर, छापलेला असतो. आपल्या `RATE` शी तो जुळायला हवा. भाचीच्या कागदावर 9.13 टक्के होता, शीटमध्ये 9.00. हा फरक रुपयांत किती, हे `PV` सांगतो, तो दर आणि हप्ता यांवरून मूळ रक्कम काढतो:

```
=PV(9.13%/12,60,-16607)
```

आठ लाखांपेक्षा सुमारे 2,400 कमी आले. मग तिनं कागद पुन्हा वाचला. प्रोसेसिंग फी शून्यच होती, पण खाली "डॉक्युमेंटेशन चार्जेस" 2,000 अधिक जीएसटी, एकूण 2,360.