अर्धगुणसूत्री विभाजनाची स्लाइड कशी वाचावी

कांद्याच्या कळीतल्या परागकोशाची तयार स्लाइड घ्या. १०एक्सवर पेशींचा घोळका शोधा आणि ४०एक्सवर या. मग पहिल्याच पेशीला पूर्वावस्था, मध्यावस्था अशी नावं द्यायला बसू नका. आधी मोजा.

कांद्याच्या साध्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. मुळाच्या टोकाच्या स्लाइडवर, म्हणजे सूत्री विभाजनात, मध्यावस्थेला ती सोळाही सुटी दिसतात. परागकोशात मात्र अर्धगुणसूत्री विभाजन चालतं, म्हणजे एकापाठोपाठ दोन विभाजनं होतात. त्यातल्या पहिल्याच्या मध्यावस्थेला आठच ठोकळे दिसतात. इथेच बहुतेकजण फसतात आणि ‘संख्या निम्मी झाली’ असं लिहून मोकळे होतात. ती अजून निम्मी झालेली नसते. प्रत्येक ठोकळा म्हणजे एकमेकांना धरून असलेली दोन सजातीय गुणसूत्रं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. सोळा सुटी दिसलीच, तर ती पेशी बहुधा परागकोशाच्या भिंतीतली आहे. तिथे साधंच विभाजन चालतं.

आता ठोकळ्याकडे नीट पाहा. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरू लागलेली असतात, तरी एखाद्या ठिकाणी फुलीसारखी अडकलेली दिसतात. ही फुली म्हणजे कायझ्मा. दोन्ही भुजांवर एकेक असेल तर जोडी कड्यासारखी दिसते, एकाच भुजेवर असेल तर काडीसारखी. क्रॉसिंग ओव्हर या क्षणी चाललंय असं समजू नका. तुकड्यांची अदलाबदल आधीच, जोडी घट्ट चिकटलेली असताना उरकलेली असते. फुली ही त्याची खूण.

अदलाबदल समजायला कागदावर दोन लाल आणि दोन निळ्या रेघा काढा. दोन लाल रेघा ही एकाच गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रं, निळ्या दुसऱ्याची. एका लाल आणि एका निळ्या रेघेची टोकं बदला. चार पेशींत आता चार प्रकार जातील: पूर्ण लाल, पूर्ण निळी, निळ्या टोकाची लाल आणि लाल टोकाची निळी. दोन लाल रेघांतच अदलाबदल दाखवू नका. त्या एकमेकींच्या नकला असतात, त्यामुळे नवं काहीच घडत नाही. अदलाबदल झालीच नसती तरी आठ जोड्यांच्या वाटपातून २५६ मेळ बनू शकले असते, पण प्रत्येक गुणसूत्र अखंडच गेलं असतं. एकाच गुणसूत्रावर आई आणि वडील दोघांचे तुकडे येतात ते या अदलाबदलीमुळेच.

पश्चावस्था ओळखणं त्यामानाने सोपं. गुणसूत्रबिंदू म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं जिथे जोडलेली असतात ती जागा. पहिल्या विभाजनात तो दुभंगत नाही. अख्खं गुणसूत्र ओढलं जातं आणि दोन्ही टोकांना आठ-आठ जातात. सूत्री विभाजनात तो दुभंगतो आणि प्रत्येक टोकाला सोळा जातात. दुसऱ्या विभाजनातही तो दुभंगतो, पण टोकाला आठच पोहोचतात.

एका वेष्टनात चार पेशी दिसल्या तर दोन्ही विभाजनं झालेली आहेत. सगळीकडे सुटे परागकणच असतील तर कळी जास्त वाढलेली होती. दुसरी स्लाइड घ्या.