शंभरच परिचारिका का?

दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या परिचारिकांच्या ताणाची तुलना करायची होती, सहा महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली भरून. अभ्यासासाठी शंभर परिचारिका घ्यायचं ठरवलं होतं, पण "शंभरच का?" या मार्गदर्शकांच्या प्रश्नावर अडलं. आधी ठरवलं, किती गुणांचा फरक खरंच दखल घेण्याजोगा? पाच. प्रमाण विचलन दहा, म्हणजे इफेक्ट साइझ 0.5. मग आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये:

```
power.t.test(delta=5, sd=10, power=0.8)
```

उत्तर 63.77, म्हणजे प्रत्येक गटात 64. वीस टक्के गळती धरून बरेच जण 64 ला 1.2 ने गुणतात. 77 येतात, त्यातले वीस टक्के गेले की उरतात जेमतेम 62. भागायचं असतं: 64 ÷ 0.8 = 80. दोन्ही गट मिळून 160.

विचलन मात्र छोट्या पायलट अभ्यासावरून घेऊ नका, ते फार डळमळीत असतं. दहाऐवजी बारा निघालं, तर गळतीआधीच गटात नव्वदच्या वर लागतात.