बांधकामाचा गँट चार्ट: ओव्हरलॅप दाखवताना या चुका टाळा

चार्टमध्ये सगळं वेळेत दिसतंय आणि साइटवर मात्र इलेक्ट्रिशियनची माणसं नुसती बसून आहेत, असं होत असेल तर बहुतेक वेळा घोळ ओव्हरलॅपमध्येच असतो. दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या की काम एकदम चालेल असं वाटतं, पण मागून येणारं काम फास्ट असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि तिथेच अडकतं.

एक मजला घ्या, चार फ्लॅट. वीटकामाला फ्लॅटमागे ५ दिवस, म्हणजे एकूण २०. त्यानंतर ७ दिवस भिंतींवर पाणी मारायचं, मग झिऱ्या मारून वायरिंगचे पाईप टाकायचे, फ्लॅटमागे २ दिवस. पहिला फ्लॅट १२व्या दिवशी मोकळा होतो म्हणून आपण पाईपची ८ दिवसांची पट्टी १३ ते २० अशी टाकून देतो. आता १९व्या दिवसाची उभी रेघ मारून बघा: पाईपवाले चौथ्या फ्लॅटमध्ये दिसतात आणि तिथे गवंडी अजून विटाच लावतोय! चौथा फ्लॅट खरं तर २७ नंतरच मिळतो, म्हणजे पाईपचं काम २९लाच संपणार, चार्ट काहीही म्हणो.

म्हणून मागचं काम फास्ट असेल तर शेवटाकडून मोजत या. शेवटचा फ्लॅट २८-२९, त्याआधीचा २६-२७, असं करत सुरुवात २२ला येते आणि टोळी सलग काम करते. मागचं काम स्लो असेल तर उलट, सुरुवात जुळवायची. प्लास्टरला फ्लॅटमागे ४ दिवस लागतात, पाईपपेक्षा जास्त, त्यामुळे पहिल्या फ्लॅटचे पाईप २३ला संपले की २४ला प्लास्टर सुरू आणि ३९ला पूर्ण.

पण इथे इलेक्ट्रिशियनशी बोलून घ्या. तो प्रत्येक फ्लॅट मोकळा झाला की दोन दिवस येऊन जायला तयार असेल, म्हणजे १३, १८, २३ आणि २८ला, तर प्लास्टर १५लाच सुरू होतं आणि ३३ला संपतं, सहा दिवस वाचतात. फक्त प्लास्टरवाल्यांना दोन फ्लॅटच्या मध्ये एकेक दिवस थांबावं लागेल, ते आधीच सांगून ठेवा. आणि अशा वेळी पाईपची एक लांब पट्टी काढूच नका, चार छोट्या काढा, नाहीतर टोळी १३ ते २९ रोज साइटवर आहे असंच सगळे धरून चालतात.

दुसरी चूक म्हणजे क्युअरिंगची, म्हणजे भिंतींवर पाणी मारायच्या दिवसांची, पट्टीच नसते, कारण त्यात मजूर फारसे लागत नाहीत. तिला वेगळा रंग द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये तिचं कॅलेंडर सातही दिवसांचं ठेवा, नाहीतर रविवारची सुट्टी धरून ते ७चे ८ दिवस करून टाकतं आणि पुढचं सगळं उगाच सरकतं.