फॅनचं माप फरशीवर घेऊ नका: स्वीप निवडताना होणाऱ्या चुका

वायरिंगच्या कामात दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "दहा बाय दहाची रूम आहे, किती इंची फॅन लावू?" मी उलट विचारतो, "कपाट कुठल्या भिंतीला आहे आणि वर लॉफ्ट आहे का?" यावर बहुतेक जण वैतागतात. त्यांना एक आकडा हवा असतो आणि तो घेऊन दुकानात जायचं असतं.

आकडा सांगायला सोपा आहे. १० × १० ते १० × १२ फुटांच्या खोलीला १२०० मिमी, म्हणजे ४८ इंची फॅन चालतो. ६ × ८ च्या छोट्या खोलीला ९०० बास. स्वीप म्हणजे पात्यांची टोकं फिरताना जे वर्तुळ काढतात त्याचा व्यास, एका पात्याची लांबी नव्हे. पण हे आकडे मोकळ्या खोलीचे. आपल्याकडच्या बेडरूममध्ये भिंतभर कपाट असतं, त्यावर छतापर्यंत लॉफ्ट असतो, आणि फॅन फिरतो तो नेमका लॉफ्टच्या उंचीवर.

पुण्यातल्या एका फ्लॅटमधली गोष्ट. बेडरूम दहा बाय दहा, छत साडेनऊ फूट. फॅनचा हूक बिल्डरने स्लॅबच्या बरोबर मध्यात सोडलेला, म्हणजे प्रत्येक भिंतीपासून पाच फुटांवर. नंतर सुताराने एका भिंतीला दोन फूट खोल कपाट केलं आणि वर सात फुटांपासून छतापर्यंत लॉफ्ट, त्याला दीड फुटी शटर. मालकांनी फॅन आधीच आणून ठेवला होता, १२०० चा. मी म्हटलं, "काका, शटर लागेल." ते म्हणाले, "रोज कोण उघडतंय लॉफ्ट? तुम्ही लावा." मी लावला नाही, त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतला. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी फॅन चालू असताना लॉफ्ट उघडला. शटरची कड फुटली, पातं वाकलं, आणि स्टुलावर उभ्या असलेल्या काकू थोडक्यात वाचल्या. पुढे फॅन हलायला लागला तेव्हा दोष कंपनीला! पाती वजनाने जुळवलेली असतात, त्यामुळे एकच बदलून भागत नाही, तिन्हींचा सेट घ्यावा लागतो.

हिशोब करून बघा. हुकापासून भिंत पाच फूट, त्यातून कपाटाचे दोन गेले. उरले तीन फूट, म्हणजे ३६ इंच. १२०० च्या फॅनची त्रिज्या २४ इंच, म्हणून टोकापासून शटरपर्यंत १२ इंच राहिले, आणि उघडणारं शटर १८ इंच. सहा इंच पात्यांच्या वाटेत. इथे लोक म्हणतात, मग छोटा फॅन लावू. ९०० लावला तरी टोकापासून कपाट १८ इंचांवर, शटर तेवढंच, म्हणजे जेमतेम घासत जाणार आणि वारा मात्र कमी झाला. म्हणून उपाय स्वीप बदलणं हा नाही, जागा बदलणं हा आहे. कपाट सोडून उरलेल्या आठ फुटांच्या मध्यात, जुन्या हुकापासून एक फूट पलीकडे, अँकर फास्टनर ठोकून नवा क्लॅम्प घ्यायचा. मग दोन्ही बाजूंना टोकापासून २४ इंच मिळतात आणि शटर सहा इंच राखून उघडतं. फास्टनर प्लास्टरमध्ये नव्हे, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या पट्टीवर फॅन टांगणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

माझी सवय साधी आहे. स्टुलावर चढतो, पाती येतील त्या उंचीवर टेप धरतो आणि चारही बाजूंना मोजतो. टोकापासून दीड फुटाच्या आत काही येत असेल तर थांबतो. भिंत फार जवळ आली की वारा तिच्यावर आपटतो, आवाज वाढतो आणि पलंगावर हवा येत नाही.

लांब हॉलमध्ये मध्यभागी एक १४०० लावून मोकळं होणं ही दुसरी आवडती चूक. १२ × २० च्या हॉलमध्ये मधल्या टीपॉयला गारवा मिळतो, सोफ्यावरचे पाहुणे घाम पुसतात. दोन १२०० लावा, दोन्ही टोकांच्या भिंतींपासून पाच-पाच फुटांवर.

उंचीचं थोडक्यात: पाती फरशीपासून २.३ मीटरच्या खाली नकोत आणि छतापासून साधारण ३० सेंटिमीटर लांब हवीत. छत बुटकं म्हणून रॉड कापून फॅन छताला चिकटवला की पात्यांना वरून हवा ओढता येत नाही, मग कितीही वेगात फिरवा. बंक बेड असेल तर उंची वरच्या गादीवर बसलेल्या मुलाच्या डोक्यापासून मोजा, आणि त्याने हात वर केला तर काय होईल तेही बघा. तिथे मी छताचा फॅन लावत नाही, भिंतीवरचा लावतो.

छतावरचा दिवा पात्यांच्या वर आला तर उजेड लुकलुकतो, म्हणून दिवे भिंतीवर घ्या.