विभागाच्या फळ्यावरचं वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरमध्ये घेताना

जर्मनीत शिकायला आलेल्या पोरापोरींनो, विभागाच्या फळ्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो तुम्ही काढालच. तो गॅलरीत पडून राहू देऊ नका, पहिल्याच आठवड्यात त्याच्या नोंदी कॅलेंडरमध्ये करून टाका.

फोटो सरळ समोरून काढा आणि एकेका वाराचा रकाना वेगळा कापून घ्या. फोनला अख्ख्या तक्त्यातला मजकूर उचलायला सांगितलं, तर तो बरेचदा आडव्या ओळी वाचत जातो आणि कुठला तास कुठल्या वाराचा हे कळेनासं होतं. शिवाय फोटो पुसट असेल तर Di आणि Do यांत गल्लत होते. Di मंगळवार, Do गुरुवार.

आता एक चौकट घेऊ: Di 8–10 c.t., Ü, HS 3, ung. KW.

c.t. म्हणजे तास सव्वाआठला सुरू होणार आणि बहुधा पावणेदहाला सुटणार. म्हणून नोंद 8:15 ते 9:45 अशी करा. s.t. असेल तर मात्र ठोक्याला आठ. Ü म्हणजे सरावाचा तास. विषयाच्या नावापुढे तसं लिहा, कारण त्याच विषयाचं व्याख्यान दुसऱ्या वारी दुसऱ्या खोलीत असू शकतं. HS 3 हे तिसरं व्याख्यानगृह. नुसती खोली लिहून भागत नाही, इमारतीचं नावही ‘ठिकाण’ या रकान्यात टाका.

खरी गोम शेवटच्या शब्दांत आहे. ung. KW म्हणजे वर्षातल्या विषम क्रमांकाच्या आठवड्यांत. समजा, 2026 चं हिवाळी सत्र 12 ऑक्टोबरला सुरू झालं. तो 42वा आठवडा, म्हणजे सम. पहिला तास पुढच्या मंगळवारी, 20 ऑक्टोबरला. कॅलेंडरला ‘दर दोन आठवड्यांनी’ सांगितलं की 15 डिसेंबरपर्यंत सगळं बरोबर चालतं. पण 2026 मध्ये 53 आठवडे आहेत. त्रेपन्नावा विषम आणि त्यानंतरचा पहिलाही विषमच! त्यामुळे कॅलेंडर 12 जानेवारीला तास दाखवील, तो आठवडा मात्र सम असेल. म्हणून ही मालिका 15 डिसेंबरला संपवा आणि 5 जानेवारीपासून नवी सुरू करा. नाताळची सुट्टी तेव्हा चालू असेल, तर 19 जानेवारीपासून.

एक सेटिंग आधीच बघून घ्या. कॅलेंडरचा टाइमझोन भारताचाच राहिला असेल, तर तो बर्लिनचा करा आणि मगच नोंदी भरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. भारतीय वेळेला बांधलेली सव्वाआठची नोंद त्यानंतर सव्वासातला दिसू लागते, आणि नोव्हेंबरच्या अंधारात तुम्ही कुलूपबंद दारासमोर तासभर कुडकुडत बसता.

आठ-दहा विषयांसाठी फाइल बनवून आयात करण्याच्या फंदात पडू नका. गूगल कॅलेंडरच्या CSV फाइलीत पुनरावृत्ती सांगताच येत नाही, प्रत्येक तारखेची वेगळी ओळ लिहावी लागते. त्यापेक्षा हाताने भरणं लवकर होतं.